आधी शुभ बोला

'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' खेड्यापाड्यात जीवनविमा विकण्याची आजवरची रीत या म्हणीहून फार वेगळी नाही. विदर्भातलं दर्यापूर असो की दारव्हा, ओसरीवर बसलेला एजंट चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच सुरू होतो, "भाऊ, उद्या तुमाले काई झालं तं लेकराइचं काय?" आतून वहिनी ऐकतच असतात. "कायले असं अभद्र बोलता जी सकायी सकायी?" म्हणत त्या कपबशी उचलतात आणि विषय तिथंच मिटतो. भिडेखातर कधी एखादी पॉलिसी निघतेही. पहिला हप्ता भरला जातो, दुसरा राहून जातो.

यावर कंपन्यांच्या माणसांचं ठरलेलं उत्तर असतं: ग्रामीण ग्राहकाला जोखमीची जाणीव नाही. हे उलटं आहे. कोरडवाहू कपाशी करणाऱ्याला जोखीम शिकवायला कोणाची गरज नाही. पाऊस लांबला की दुबार पेरणी, बोंडात गुलाबी अळी, वेचणीच्या वेळी अवकाळी, आणि माल घरात आला की भाव पडलेला, हे सगळं तो एकाच वर्षात पाहतो. अशा माणसाला आणखी एक भीती दाखवून तो जागा होत नाही. तो तोंड फिरवतो.

किम विट्टे या संवादशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९९२ मध्ये याची नीट मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भीती दाखवली तर ऐकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. समोरचा उपाय आपल्या आवाक्यातला आहे आणि तो खरंच लागू पडेल असं वाटलं, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. तसं वाटलं नाही, तर तो भीतीचाच बंदोबस्त करतो. म्हणजे विषय टाळतो, हसण्यावारी नेतो किंवा सांगणाऱ्यालाच खोटा ठरवतो. ज्याच्या खात्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येतो त्याला भीतीची जाहिरात काही अंशी लागू पडते, कारण उपाय त्याच्या हातात असतो. ज्याच्या हातात पैसा वर्षातून दोनदा येतो, आणि आल्या दिवशीच चार वाटांनी जातो, त्याच्यापुढे दुसरीच वाट उरते.

त्यात आपल्याकडे 'विमा' हा शब्द आधीच बिघडून बसलेला आहे. विदर्भातल्या गावात नुसतं 'विमा' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पीक विमा येतो. नुकसान झालं की ७२ तासांत कळवा, मग पंचनाम्याची वाट पाहा, आणि शेवटी खात्यात जमा झालेली रक्कम पाहून पारावर हसा, असा तो आजवरचा अनुभव. जीवनविम्याच्या ब्रँडला गावात पाटी कोरी मिळत नाही. दुसऱ्याच एका विम्याचा राग तिच्यावर आधी लिहिलेला असतो. मुंबईतल्या जाहिरात संस्थेत बसून हे दिसत नाही, म्हणून तिथून येणारं वाक्य पुण्यातल्या सोसायटीत आणि नेरच्या बाजारात एकसारखंच वाजतं.

भीतीवाचून हा धंदा चालतच नाही असं नाही. भारतीय आयुर्विमा महामंडळाचं बोधवाक्य गीतेतलं आहे, 'योगक्षेमं वहाम्यहम्'. चिन्हात दोन हातांनी सांभाळलेली ज्योत आहे. त्यात मरणाचा उल्लेख नाही, 'मी वाहीन' असा शब्द आहे. १९५६ पासून तो शब्द गावात नेला तो शाळामास्तर आणि पोस्टमास्तरांच्या ओळखीतल्या एजंटांनी, आणि पाठीशी सरकारची हमी होती. म्हणून आजही कोणत्याही कंपनीची पॉलिसी घेतली तरी माणूस म्हणतो, "एलआयसी काढली." पुढे खाजगी कंपन्या आल्या, त्यातल्या एकीनं 'सर उठा के जियो' म्हणत विम्याला स्वाभिमानाशी जोडलं. दोन्ही ठिकाणी वस्तू तीच, पण ऐकणारा स्वतःला बिचारा समजत नाही. ब्रँडचा अर्थ म्हणतात तो एवढाच: ही वस्तू घेणारा स्वतःला कोण समजतो?

मग वऱ्हाडातल्या कास्तकारानं विमा घेतला तर त्यानं स्वतःला कोण समजावं? आमच्या मते याचं उत्तर वावरात आहे. 'पुढची पेरणी चुकू न देणारा' हा तो अर्थ. घरात काहीही होवो, मृग लागला की या वावरात या घरचीच तिफण चालेल. इथं कर्तं माणूस गेलं की पहिल्यांदा काय होतं, तर वावर बटईनं किंवा ठेक्यानं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धुरा, म्हणजे बांध, सरकतो, चौथ्या वर्षी विकण्याची बोलणी सुरू होतात. पेरणी हातची गेली की वावर हातचं जायला वेळ लागत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे पेरणीबद्दल बोलणं अभद्र वाटत नाही. ते रोजचंच बोलणं आहे.

पण अर्थ नुसता घोषणेत ठेवला तर तो पोळ्याला बैलाच्या झुलीवर छापलेल्या कंपनीच्या नावासारखा होतो, पाऊस आला की उतरतो. रक्कम, तारीख आणि कागद या तिघांनी तो पाळला पाहिजे.

आधी रक्कम. जाहिरातीतला 'एक कोटीचं संरक्षण' हा आकडा पाच एकरवाल्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही, म्हणून तो खोटा वाटतो. हिशेब पेरणीपासून करायचा. समजा दारव्हा तालुक्यातलं एक घर आहे. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. कर्ता ३६ वर्षांचा, मुलगा १२ वर्षांचा. सोसायटीचं पीककर्ज १,२०,०००, कृषी केंद्राची उधारी ३५,०००, घरच्या बाईंच्या नावानं गटाचं कर्ज ४०,०००. ही देणी झाली १,९५,०००. आता एकरी २५,००० लागवड खर्च धरला तर पाच एकरांच्या एका हंगामाला १,२५,००० लागतात. वावर ठेक्यानं न देता घर सावरायला दोन हंगाम लागतात असं धरा, म्हणजे अडीच लाख. घरखर्च महिन्याला ८,०००, मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत सहा वर्षं, म्हणजे ५,७६,०००. सगळं मिळून होतात १०,२१,०००.

या घराची गरज कोटीची नाही, दहा लाखांची आहे, आणि हे दहा लाख कशाचे ते घरातली सगळी माणसं बोटावर मोजून सांगू शकतात. यातला पहिला टप्पा, म्हणजे देण्यांचा, प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेतल्या दोन लाखांत बसतो. १८ ते ५० वर्षांच्या कोणाही बँक खातेदाराला त्यात जाता येतं, पुढे वयाच्या ५५ पर्यंत ती चालू राहते आणि वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे. नवरा-बायको दोघांनी घेतली तर ८७२. हिशेब असा मांडला की 'दोनच लाख?' हा प्रश्न पडत नाही, कारण त्या दोन लाखांना एक काम नेमून दिलेलं असतं.

इथं एक सावधगिरी आहे आणि ती या लेखातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी आहे. ज्या भागात कर्ज आणि मरण हे दोन शब्द गेली पंचवीस-तीस वर्षं बातम्यांत शेजारी शेजारी छापले गेले, तिथं 'तुमच्या माघारी कर्ज फिटेल' असं भिंतीवर लिहिणं हा गुन्हा म्हणावा इतका निष्काळजीपणा आहे. भीतीच्या जाहिरातीतला सगळ्यात घातक अर्थ हाच: जिवंत माणसापेक्षा गेलेला माणूस घराला जास्त देऊन जातो. विधवेच्या हातात धनादेश देतानाचा फोटो हेच सांगतो, आणि तो कंपनीच्या फलकावर अभिमानानं लावलेला असतो. तो काढून टाकावा. वरचा हिशेब फलकावर लावायचा नसतो. तो घरात, नवरा-बायको दोघांच्या समोर, दोघांच्याही नावानं करायचा असतो. बाईच्या जाण्यानंही वावर अडतं. निंदण, वेचणी आणि गटाचा हप्ता तिच्याच जिवावर चालतो. दोघांचा हिशेब एकत्र मांडला की विमा कर्त्या पुरुषाच्या मरणाची किंमत राहत नाही, तो घराचा होतो. शिवाय बायकोपासून लपवलेली उधारी त्या कागदावर येते. ती लपलेली असणं हेच अनेक घरांतलं खरं ओझं असतं, आणि ते जिवंतपणी उतरवता येतं.

आता तारीख. चांगला अर्थ सर्वांत जास्त इथं मार खातो. जीवन ज्योतीचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. वऱ्हाडात मेच्या शेवटी कास्तकाराच्या खात्यात काय असतं? कापूस केव्हाच विकला गेला, तुरीचे पैसे लग्नसराईत गेले, उरलेसुरले बियाण्याच्या पाकिटांसाठी काढले, आणि नवं पीककर्ज अजून सोसायटीच्या टेबलावर आहे. खात्यात ३०० रुपये असतील तर ४३६ कापले जात नाहीत आणि संरक्षण तिथंच संपतं. मोबाइलवर संदेश आला तर आला, तो वाचतो कोण? घर समजतं आपला विमा आहे. पुढे ऑगस्टमध्ये बँकेत गेल्यावर कळतं की नव्हता. गावात मग एकच वाक्य फिरतं, "विमेवाले देतच नाही." त्या वाक्यानं कुठल्याही ब्रँडची दहा वर्षांची मेहनत धुवून निघते.

उपाय साधा आहे. दर वर्षी १५ मेच्या आत खात्यात ५०० रुपये बाजूला ठेवायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणून ४३६ वजा झालेले आहेत का ते डोळ्यांनी पाहायचं. २० रुपये वजा दिसले तर तो हा विमा नव्हे. ती सुरक्षा विमा योजना, फक्त अपघाताची. झटक्यानं किंवा आजारानं मृत्यू झाला तर त्यातून काही मिळत नाही, आणि बरेच वाद याच गल्लतीतून होतात. हप्ता चुकलाच असेल तर वर्षभर थांबायचं कारण नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरात ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८ आणि मार्च ते मेमध्ये ११४ रुपये भरून परत जाता येतं. मात्र पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर कारणांना संरक्षण नसतं, हे आधीच सांगून टाकावं. आधी सांगितलं तर ती अट असते, नंतर सांगितलं तर फसवणूक वाटते.

योजना सरकारी असली तरी मेमध्ये पासबुकाची आठवण करून देणारा माणूस कोणत्याही कंपनीचा असू शकतो. त्याला आठवण देण्याचं कमिशन नाही. पण 'पेरणी चुकू देणार नाही' म्हणणाऱ्या कंपनीनं पेरणीच्या तोंडावर ही आठवण दिली तर गाव तिची बाकीची वाक्यं ऐकून घेईल. लाखो रुपयांच्या फलकापेक्षा हे स्वस्त पडतं, फक्त मे महिन्यात उन्हात फिरावं लागतं.

उरलेल्या आठ लाखांसाठी मुदत विमा घ्यावा लागतो, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम आणि एरवी काही परत नाही असा. इथं खरी अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. बऱ्याच कंपन्या मुदत विम्यासाठी उत्पन्नाचा कागद आणि ठरावीक शिक्षण मागतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर विवरण नसतं, आणि दहावी नापास माणूस त्यांच्या चाळणीतून खाली पडतो. मग एजंट त्याला बचतीची पॉलिसी देतो. साधारण वीस वर्षांच्या अशा पॉलिसीत वर्षाला दहा हजार भरून दोन लाखांच्या आसपासच संरक्षण मिळतं. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरचं कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त असल्यानं एजंटाला दुसऱ्या हप्त्याची फिकीर कमी. दोन हप्ते भरून सोडलं तर भरलेल्यापेक्षा बरंच कमी हाती येतं. कंपनीला ग्रामीण विदर्भात खरोखर अर्थ कमवायचा असेल तर जाहिरातीआधी ही चाळणी बदलावी. सातबारा, बाजार समितीच्या काट्याच्या पावत्या आणि सोसायटीचा वेळेवर फेडीचा उतारा, या तीन कागदांतून पाच एकरवाल्याची ऐपत चांगली कळते.

हप्त्याची तारीखही हंगामाला धरून असावी. एजंट पॉलिसी काढतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण त्यांचं टार्गेट तेव्हा पूर्ण व्हायचं असतं. मग दर वर्षीचा हप्ता मार्चमध्येच येतो. त्याच मार्चमध्ये ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरायचं असतं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. दोघांच्या ओढाताणीत सोसायटी जिंकते, आणि जिंकायलाच पाहिजे. सहामाही हप्ता घेतला तर दुसरा सप्टेंबरमध्ये पडतो, तो तर त्याहून वाईट. सोयाबीन उभं, कपाशीला बोंड धरलेलं, घरात दमडी नाही. या भागात पॉलिसी डिसेंबरमध्ये सुरू करावी आणि हप्ता वार्षिक ठेवावा. तोवर सोयाबीनचे पैसे आलेले असतात, कापसाचे दोन वेचे विकलेले असतात, आणि वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत धरली तर जानेवारीतली तूरही मदतीला येते. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा होते. पिकातला पहिला वाटा देऊन मगच वेचायला लागायचं, ही जाण त्यामागं आहे. 'कापसातला एक वाटा पुढच्या पेरणीचा' हे बोलणं त्या जाणिवेशी जुळतं. मात्र सीतादहीच्या ताटलीवर कोणी आपलं चिन्ह छापायला गेला तर ते लोकांना खपणार नाही, खपूही नये.

राहिला कागद. बापाचं कर्ज मुलाला जन्मभर चिकटतं ही समजूत चुकीची आहे. वारस स्वतःच्या कमाईतून देणं लागत नाही. मागं राहिलेल्या मालमत्तेतून, तिच्या किमतीपुरतंच ते वसूल होतं. पण कास्तकाराच्या घरात मागं राहतं ते वावरच. म्हणून घरखर्चासाठी घेतलेली पॉलिसी घेणेकऱ्यांच्या हाताबाहेर ठेवण्याची सोय माहीत असावी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्यावर बायको-मुलांसाठी म्हणून घेतलेली पॉलिसी हा विश्वस्त निधी होतो. तिच्यावर नवऱ्याचा ताबा राहत नाही आणि त्याच्या घेणेकऱ्यांचाही चालत नाही. यासाठी वेगळा अर्ज प्रस्तावासोबतच भरावा लागतो, नंतर जोडता येत नाही. त्या पॉलिसीवर नवऱ्याला कर्ज काढता येत नाही. घेणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनं घेतली असेल तर कायदा साथ देत नाही. हा अर्ज खेड्यात क्वचितच कोणी काढून दाखवतो. एरवी 'पेरणी चुकू देणार नाही' हा शब्द छापील स्वरूपात कुठं सापडत असेल, तर तो या अर्जात.

भीतीनं विकलेल्या पॉलिसीचा आणखी एक तोटा शेवटी कळतो. अभद्र म्हणून घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कागद पेटीच्या तळाशी जातो, लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत वारसदार म्हणून आईच राहते, आणि बायकोच्या आधार कार्डावर माहेरचं नाव असतं. पेरणीचा हिशेब म्हणून घेतलेल्या पॉलिसीचं तसं होत नाही, कारण तो कागद दर वर्षी बियाण्याच्या पावत्यांसोबत बाहेर निघतो. म्हणून अर्थ रुजला की नाही हे तपासायला मोठं सर्वेक्षण नको. घरच्या बाईंना विचारा: कागद कुठं आहे, वारसदार कोण, हप्ता कोणत्या महिन्यात? तिन्ही उत्तरं आली तर रुजला. कंपनीच्या बाजूनं पाहायचा आकडा म्हणजे तेराव्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या. पहिला हप्ता भीतीनं किंवा भिडेनं मिळतो, तेराव्या महिन्यातला त्यानं मिळत नाही.

आणि भिंतीवर काही लिहायचंच असेल तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मे महिन्यात एवढं पुरे: 'पेरणीआधी पासबुक पाहा. ४३६ वजा झाले का? दोघांचेही?' खाली गावातल्या त्या माणसाचं नाव, जो जूनमध्येही भेटेल.